आवाज कुठे फाटतो, सुरसुर कुठून येते

शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत ध्वनियंत्रणेचे दोन दोष एकाच संध्याकाळी ऐकायला मिळतात. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला गायिका एक स्वर लावून थांबते. त्या मोकळ्या जागेत फक्त तानपुरा असायला हवा, पण तिथे स्पीकरमधून बारीक सूंऽऽ ऐकू येत राहतं. तासाभरानं द्रुत सुरू होतं, तबला चढतो, तान तार षड्जाला जाऊन भिडते आणि तोच स्पीकर फाटल्यासारखा खरखरतो. पहिल्या तक्रारीवर साउंडवाला ट्रेबल कमी करतो, त्यानं गाण्यातली चमक जाते. दुसऱ्या तक्रारीवर तो मास्टर खाली ओढतो. मग मागच्या रांगांना ऐकू येत नाही आणि खरखर तशीच राहते. यंत्रं जुनी झाली असतील, स्पीकर बदलायला हवेत, असा निष्कर्ष मंडळ काढून मोकळं होतं.

बहुतेक वेळा यंत्रं चांगली असतात. माईकपासून स्पीकरपर्यंत जाताना आवाजाचा विद्युत संदेश चार-पाच पेट्यांमधून जातो, आणि कुठल्या पेटीत तो किती मोठा करायचा याची वाटणी चुकलेली असते. साउंडवाले या वाटणीला ‘गेन स्ट्रक्चर’ म्हणतात. सुरसुर आणि फाटणं हे दोन्ही या वाटणीचेच आजार आहेत, म्हणून एकावर उपाय केला की दुसरा उफाळतो.

उदाहरणासाठी तीनशे खुर्च्यांचं एक सभागृह घेऊ. मंचावर गायिका, तबला, हार्मोनियम आणि तानपुरे. सभागृहाच्या मागच्या बाजूला बारा चॅनलचा ॲनालॉग मिक्सर. त्यातून निघालेला संदेश ग्राफिक इक्वलायझरमध्ये जातो, तिथून स्पीकर प्रोसेसरमध्ये, मग पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये आणि शेवटी मंचाच्या दोन बाजूंच्या स्पीकरमध्ये. कुठल्याही गावातल्या बऱ्यापैकी साउंडवाल्याकडे असतो, तसाच हा संच आहे.

या साखळीतल्या प्रत्येक पेटीला एक छत आहे आणि एक जमीन. छत म्हणजे ती पेटी बाहेर देऊ शकेल तो सर्वात मोठा व्होल्टेज. आपल्या मिक्सरचं छत सुमारे 10 व्होल्ट धरू. गाण्यासाठी 12 व्होल्ट लागले, तरी पेटी दहाच देते आणि लहरीचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणायचं, आणि तो कापलेला माथा आपल्याला फाटलेला आवाज म्हणून ऐकू येतो. जमीन म्हणजे पेटीची स्वतःची सुरसुर. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक मंडलात इलेक्ट्रॉनांची उष्णतेमुळे होणारी हालचाल असतेच. ती मिलिव्होल्टच्या अंशांत असते, पण शून्य कधीच नसते. गाणं या छताच्या आणि जमिनीच्या मधून न्यायचं, छताला टेकू द्यायचं नाही आणि जमिनीवरून फरपटवायचंही नाही, एवढंच काम आहे. अडचण अशी की प्रत्येक पेटीचं छत वेगळ्या उंचीवर असतं.

आता माईक. गायिकेपुढे शुअरचा एसएम58 ठेवलेला आहे. हा माईक 1966 सालापासून बाजारात आहे आणि जगभरच्या मंचांवर दिसतो. त्याच्या जाळीपाशी 94 डेसिबलचा आवाज पोचला, तर तो दोन मिलिव्होल्टांपेक्षाही थोडा कमी व्होल्टेज देतो. ऑर्केस्ट्रातला गायक ओठ जाळीला टेकवून गातो, तेव्हा हा आकडा सहज दहा मिलिव्होल्टांच्या वर जातो. आपली गायिका मात्र मांडी घालून, माईकपासून वीतभर अंतरावर गाते आहे. तिच्या गाण्याचे मध्यम पट्टीत साधारण एक मिलिव्होल्ट येतील. मिक्सरला आतून काम करायला एक व्होल्टाच्या आसपासचा संदेश लागतो, म्हणजे तो हजारपट मोठा करावा लागेल. डेसिबलच्या भाषेत व्होल्टेज दहापट होणं म्हणजे 20 डेसिबल, म्हणून हजारपट म्हणजे 60. स्वस्त मिक्सरच्या गेन नॉबची धाव जवळपास इथेच संपते.

हा हजारपटीचा गुणाकार मिक्सरच्या पहिल्याच टप्प्यावर, म्हणजे चॅनलच्या सर्वात वरच्या गेन नॉबनंच व्हायला हवा. पेन्सिलीनं फिकट लिहिलेल्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स काढायची असेल, तर ती पहिल्याच प्रतीत मोठी करून घ्यावी लागते. आधी चार वेळा आहे त्याच आकारात प्रती काढल्या आणि शेवटच्या प्रतीत मोठी केली, तर मधल्या प्रत्येक यंत्रानं टाकलेले काळे ठिपकेही तितकेच मोठे होतात. आवाजाचंही असंच होतं. एक मिलिव्होल्टाचा संदेश आधी नीट मोठा केला, तर पुढच्या पेट्यांची सुरसुर त्यापुढे नगण्य ठरते. तो लहानच ठेवून पुढे ढकलला, तर शेवटी ॲम्प्लिफायर गाणं आणि सगळ्यांची जमलेली सुरसुर दोन्ही सारखीच मोठी करतो. एकदा मिसळलेली सुरसुर नंतर कुठल्याही नॉबनं वेगळी काढता येत नाही.

गेन लावताना चॅनलचा फेडर खाली असतो आणि पीएफएलचं बटण दाबलेलं असतं. हे बटण दाबलं की फेडर कुठेही असला, तरी त्या चॅनलचा फेडरच्या आधीचा संदेश मिक्सरच्या मीटरवर आणि हेडफोनमध्ये येतो. मीटर बघत गेन असा वाढवायचा की नेहमीचं गाणं शून्याच्या आसपास राहील, जोरकस जागा त्याच्या वर सहा ते दहा डेसिबल जातील आणि लाल दिवा अजिबात लागणार नाही. तपासणीच्या वेळी गायक हमखास हळू गातात, प्रेक्षक समोर आल्यावर त्यांचा आवाज आपोआप चढतो. म्हणून ‘हॅलो, हॅलो, चेक’वर समाधान मानू नये. “ताई, तार षड्जापर्यंतची एक तान घ्या ना, कार्यक्रमात घ्याल तशी,” असं सरळ सांगावं. तबल्याच्या बाबतीत तर आणखी जपावं लागतं. चाटेवरचा फटका मिलिसेकंदात येऊन जातो आणि हळू हलणारं मीटर त्याची खरी उंची दाखवत नाही. तबल्याचं मीटर गाण्यापेक्षा थोडं खालीच ठेवलेलं बरं.

माईक एक फुटावर सरकला, तर गेन आणखी वाढवावा लागतो आणि इथे मिक्सरच्या पहिल्या टप्प्याची स्वतःची सुरसुर उघडी पडते. अंतर दुप्पट झालं की माईकला मिळणारा आवाज सहा डेसिबलनं, म्हणजे व्होल्टेजमध्ये निम्म्यानं घटतो. सुरसुर मात्र तेवढीच राहते. मैफलीतल्या सूंऽऽचा एक हिस्सा याच ठिकाणचा असतो आणि त्यावर मिक्सरजवळ बसून काही करता येत नाही. माईक जवळ आणावा, किंवा जास्त संवेदनशील कंडेन्सर माईक लावावा, हे दोनच इलाज. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाईलवरचा तानपुरा यांना याच्या उलट सल्ला लागू पडतो. मोबाईलचा आवाज अगदी कमी ठेवून मिक्सरवर गेन चढवतात, तेव्हा मोबाईलच्या आउटपुटची सुरसुरही तेवढीच चढते. तिथे मोबाईल जवळपास पूर्ण आवाजावर ठेवून मिक्सरवर कमी करायचं.

गेन लागला की चॅनलचा फेडर शून्यावर आणायचा, मास्टरही शून्यावर. शून्य म्हणजे आवाज बंद नव्हे, तर फेडर संदेशात भर घालत नाही आणि त्यातून काही काढतही नाही ती जागा. फेडर या खुणेजवळ असताना तो किंचित हलवला, तर आवाज एक-दोन डेसिबलच बदलतो, त्यामुळे नाजूक हाताळणी जमते. तळाजवळ तेवढ्याच हालचालीत आवाज दहा-वीस डेसिबल उडी मारतो. मास्टर पार खाली आणि चॅनलचे फेडर वर, अशी मांडणी अनेक कार्यक्रमांत दिसते. त्यात चॅनल आतल्या आत क्लिप होत असतात, मास्टरचं मीटर हिरवं असतं आणि गाणं फाटतंय कुठे ते कुणाला कळत नाही.

मिक्सरमधून निघालेला संदेश आता सरासरी एक व्होल्टाच्या आसपास आहे आणि त्याला दहा व्होल्टांपर्यंत वर जायला जागा आहे. ही वरची मोकळी जागा म्हणजे हेडरूम. इक्वलायझरमधून आणि प्रोसेसरमधून तो याच पातळीवर जायला हवा, म्हणून त्यांचे लेव्हल नॉबही शून्यावर ठेवायचे. एक फसगत इथे नेहमी होते. ग्राफिक इक्वलायझरचे दोन्ही टोकांचे दांडे वर आणि मधले खाली, असा हसऱ्या चेहऱ्यासारखा आकार लावण्याची पद्धत आहे. 80 हर्ट्झजवळचा दांडा नऊ डेसिबल वर नेला, तर तबल्याच्या बायाच्या आवाजाला मोकळी जागा नऊ डेसिबलनं कमी उरते. बाकी गाणं निर्धोक असतं आणि फक्त बायाची घुमक फाटते. मी तरी नको असलेला भाग कमी करण्याच्या बाजूचा आहे. हवा असलेला भाग वाढवत नेला की छत जवळ येत जातं.

आता पॉवर ॲम्प्लिफायर. या पेटीबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. पुढच्या बाजूला चॅनलप्रमाणे एकेक गोल नॉब असतो. तो पूर्ण फिरवला की ॲम्प्लिफायर पूर्ण ताकद देतो आणि अर्धा फिरवला की अर्धी, असं बहुतेकांना वाटतं. म्हणून ‘पैसे पूर्ण ताकदीचे मोजलेत, मग नॉब फुलच हवेत’ असा हट्ट असतो. प्रत्यक्षात हा नॉब ताकदीला हात लावत नाही. ॲम्प्लिफायरच्या आतला गुणाकार ठरलेला असतो. नॉब त्याच्या दारात उभा राहून येणारा संदेश किती कमी करून आत सोडायचा एवढंच ठरवतो. म्हणून चांगल्या ॲम्प्लिफायरवर पूर्ण उघड्या जागी 0 लिहिलेलं असतं आणि मागे यावं तसे उणे आकडे असतात.

आकडे घातले की हे स्पष्ट होईल. आपला ॲम्प्लिफायर आठ ओहमच्या स्पीकरला 500 वॉट देतो. त्यासाठी त्याला स्पीकरच्या टोकांवर सुमारे 63 व्होल्ट उभे करावे लागतात. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलंय की नॉब पूर्ण उघडा असताना आत एक व्होल्ट आला की ही पूर्ण ताकद मिळते. म्हणजे तो येणाऱ्या संदेशाला 63 नं गुणतो आणि 63 व्होल्ट हे त्याचं छत आहे. मिक्सर मात्र दहा व्होल्ट देऊ शकतो. नॉब उघडा ठेवला, तर ॲम्प्लिफायर एका व्होल्टालाच छताला टेकतो आणि मिक्सरची वरची नऊ व्होल्टांची, म्हणजे 20 डेसिबलची जागा वाया जाते. मिक्सरचं मीटर शून्यावर हिरवं असताना ॲम्प्लिफायरचा क्लिपचा दिवा सतत पेटलेला दिसतो, तेव्हा नेमकं हेच घडत असतं.

मग ऑपरेटर आवाज आवरायला मिक्सर खाली आणतो आणि दुसरा आजार सुरू होतो. मिक्सरचा शेवटचा टप्पा, इक्वलायझर आणि प्रोसेसर यांची स्वतःची सुरसुर फेडर कुठेही असला, तरी तेवढीच असते. आपल्या संचात ती एकूण 0.05 मिलिव्होल्ट धरू. नॉब उघडा असेल, तर ॲम्प्लिफायर तिला 63 नं गुणतो आणि स्पीकरला तीन मिलिव्होल्टांहून थोडा जास्त व्होल्टेज मिळतो. ही वॉटचा फक्त दहालाखावा भाग म्हणावी इतकी नगण्य शक्ती आहे. पण सभागृहातला स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर 98 डेसिबल आवाज देणारा असेल, तर एवढ्याशा शक्तीतूनही तो सुमारे 39 डेसिबलचा सूंऽऽ काढतो. शांत बसलेल्या सभागृहात पहिल्या दोन रांगांना हा ऐकू येतो आणि मास्टर पूर्ण खाली ओढला तरी तो जात नाही, कारण तो मास्टरच्या पुढे जन्मलेला आहे.

तोच नॉब 20 डेसिबल मागे घेतला, तर आत येणारी सुरसुर दहाव्या हिश्शावर येते आणि स्पीकरमधली 39 वरून 19 डेसिबलवर. उरते ती ॲम्प्लिफायरची स्वतःची आणि माईकच्या टप्प्याची. ताकद मात्र जराही कमी होत नाही. आता मिक्सरनं दहा व्होल्ट दिले की ॲम्प्लिफायरच्या आत एक व्होल्ट पोचतो आणि 500 वॉट निघतात. मिक्सरचं छत आणि ॲम्प्लिफायरचं छत एका उंचीवर आलं. मिक्सरच्या मीटरवर जे दिसतं तेच आता ॲम्प्लिफायरमध्ये घडतं, आणि मागे बसलेल्या माणसाला मंचाजवळच्या ॲम्प्लिफायरचा दिवा बघायला धावावं लागत नाही.

ही जागा नॉबच्या अंदाजानं सापडत नाही, ती मोजून काढावी लागते. त्यासाठी ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायरी आधी काढून ठेवायच्या. हे विसरून पुढची कृती केली, तर स्पीकर जळतील. मोबाईलमध्ये एक हजार हर्ट्झचा अखंड सूर वाजवणारं ॲप घेऊन तो मिक्सरच्या एका लाइन इनपुटला जोडायचा. फेडर आणि मास्टर शून्यावर ठेवून गेन वाढवत न्यायचा, मास्टरच्या मीटरवरचा लाल दिवा लागेपर्यंत, आणि मग केसभर मागे यायचं. हे मिक्सरचं छत. आता पुढे इक्वलायझर बघायचा. सगळे दांडे मध्यावर असताना त्याचा क्लिपचा दिवा मिक्सरच्या आधी लागत असेल, तर त्याचा इनपुट नॉब किंचित कमी करायचा. प्रोसेसरचं इनपुट आणि आउटपुटही असंच बघून घ्यायचं. शेवटी ॲम्प्लिफायरचा नॉब शून्य आवाजावर ठेवून तो चालू करायचा आणि हळूहळू उघडत जायचं. क्लिपचा दिवा लुकलुकायला लागला की थांबायचं, जरासं मागे यायचं आणि तिथे टेपचा तुकडा चिकटवून खूण करायची. मोबाईलचा सूर बंद, ॲम्प्लिफायर बंद, आणि मगच स्पीकर परत जोडायचे. सब-वूफरला वेगळा ॲम्प्लिफायर असेल, तर त्याच्यासाठी 60 हर्ट्झचा सूर घ्यावा लागतो, कारण एक हजार हर्ट्झ प्रोसेसर त्याच्याकडे जाऊच देत नाही.

टेपची खूण ही कमाल मर्यादा आहे, नॉब तिथेच ठेवला पाहिजे असं मुळीच नाही. मिक्सरवर गाणं सरासरी सव्वा व्होल्टावर चाललं, तर वर दहा व्होल्टांपर्यंत सुमारे 18 डेसिबलची मोकळी जागा राहते. तेव्हा 500 वॉटच्या ॲम्प्लिफायरमधून सरासरी आठच वॉट निघत असतात. बाकीची सगळी ताकद तबल्याच्या फटक्यासाठी आणि वरच्या तानेसाठी राखीव असते. तरीही त्या आठ वॉटांत आपला स्पीकर एक मीटरवर 107 डेसिबल देतो. ऑर्केस्ट्राला हे चालेल, ख्यालाला फार होईल. अशा वेळी मास्टर खाली ओढण्याचा मोह टाळायचा आणि ॲम्प्लिफायरचा नॉब खुणेच्या मागे आणखी आठ-दहा डेसिबल न्यायचा. मिक्सर आपल्या चांगल्या पातळीवर राहतो, फेडर शून्याजवळ राहतात आणि साखळीची सुरसुर आणखी आठ-दहा डेसिबलनं उतरते. सब-वूफर आणि वरचे स्पीकर वेगळ्या ॲम्प्लिफायरवर असतील, तर दोघांचे नॉब सारख्याच डेसिबलनं मागे घ्यावे लागतात, नाहीतर घुमक आणि वरचा आवाज यांचा तोल बिघडतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे नॉब घड्याळातल्या बाराच्या काट्यावर ठेवले म्हणजे ते सारखे झाले, असं समजू नये.

या मांडणीनं काय साधत नाही, तेही सांगायला हवं. नॉब मागे घेतल्यानं स्पीकर सुरक्षित होत नाही. नॉब खुणेवर असताना मिक्सरमधून कुणी दहा व्होल्ट पाठवले, तर पूर्ण 500 वॉट निघतातच, आणि स्पीकर 250 वॉटचा असेल तर तो धोक्यात येतो. त्यासाठी प्रोसेसरमधला लिमिटर वेगळा लावावा लागतो. तो लावताना नॉब जिथे असेल तिथूनच मोजायचं, नंतर नॉब हलवला तर लिमिटरचा हिशेबही हलतो. ॲम्प्लिफायर क्लिप होताना लहरीची टोकं कापली जातात, सरासरी शक्ती वाढते आणि मुळात नसलेले वरच्या पट्टीतले स्वनक जन्माला येतात. सर्वात नाजूक ट्वीटर या जादा ओझ्याखाली आधी जातो. कार्यक्रमानंतर ‘डायफ्राम उडाला’ म्हणून दुकानात येतात, त्यातल्या पुष्कळांची सुरुवात क्लिपच्या लाल दिव्याकडे दुर्लक्ष करण्यात झालेली असते.

शिट्टी येणं, म्हणजे फीडबॅक, हादेखील या वाटणीनं सुटत नाही. माईकपासून स्पीकरपर्यंतचा एकूण गुणाकार किती यावर शिट्टी ठरते. तो गुणाकार मिक्सरमध्ये केला की ॲम्प्लिफायरमध्ये, यानं तिला काही फरक पडत नाही. ‘गेन कमी करून फेडर वर केला की शिट्टी थांबते’ असं सांगणारे भेटतात. अशा वेळी एकूण आवाजच कमी झालेला असतो. कॉम्प्रेसर वापरणाऱ्यांनीही जपायला हवं. तो मोठ्या जागा दाबतो, मग त्याचा मेकअप गेन सगळंच वर उचलतो, आणि दोन स्वरांमधल्या शांततेतली सुरसुर आठ-दहा डेसिबल वर येऊन बसते. आलापाच्या गाण्याला मी तो लावू देत नाही.

डिजिटल मिक्सरवर तत्त्व हेच, फक्त आकडे वेगळे दिसतात. तिथे मीटरच्या सर्वात वरच्या टोकाला शून्य असतं आणि ते छत आहे. ॲनालॉगच्या सवयीनं गाणं शून्याजवळ नेलं, तर पहिल्याच तानेला ते कापलं जाईल. सरासरी उणे 18 च्या आसपास राहिली की जवळपास ॲनालॉगमधल्या शून्याइतकीच मोकळी जागा मिळते. कॉर्डलेस माईक असेल, तर साखळीत आणखी दोन नॉब वाढतात, एक ट्रान्समीटरमध्ये आणि एक रिसीव्हरच्या मागे. ट्रान्समीटरमध्येच आवाज कापला गेला, तर मिक्सरवर गेन कितीही कमी केला, तरी तो फाटकाच येणार, फक्त हळू.

कार्यक्रम चालू असताना दोष कुठे आहे हे शोधायची रीत सोपी आहे, मात्र ती क्रमानं करावी लागते. आवाज फाटत असेल, तर त्या चॅनलचं पीएफएल दाबून हेडफोनमध्ये ऐकायचं. तिथेच फाटका असेल, तर दोष फेडरच्या आधी आहे, म्हणजे गेन जास्त आहे किंवा कॉर्डलेसचा ट्रान्समीटर भरून वाहतोय. गेन सहा डेसिबल कमी करून फेडर तेवढाच वर करायचा, म्हणजे श्रोत्यांना बदल जाणवणार नाही. हेडफोनमध्ये स्वच्छ आणि स्पीकरमध्ये फाटका असेल, तर पुढे इक्वलायझरच्या, प्रोसेसरच्या आणि ॲम्प्लिफायरच्या दिव्यांकडे बघायचं. जो सर्वात आधी लागतो, त्याच्या आधीच्या पेटीचा आउटपुट किंवा त्याचा स्वतःचा इनपुट कमी करायचा.

सुरसुरीचा शोध उलट्या दिशेनं घ्यायचा आणि तो श्रोते यायच्या आधी घ्यायचा. ॲम्प्लिफायरचा नॉब पूर्ण बंद केला तरी सूंऽऽ येतोय, तर तो त्याचा स्वतःचा. नॉब उघडताच आला आणि मास्टर खाली केल्यावरही राहिला, तर मधल्या पेट्यांचा, आणि त्यावर नॉब मागे घेणं हाच उपाय. मास्टर खाली केल्यावर गेला, तर तो मिक्सरच्या चॅनलमधून येतोय. तेव्हा एकेक चॅनल म्यूट करत जायचं. न वापरलेले, पण उघडे राहिलेले माईक इथेच सापडतात. असा एकेक उघडा माईक आपली सुरसुर आणि सभागृहातल्या पंख्यांची घरघर गाण्यात मिसळत असतो. निवेदकाच्या माईकचं तर हे ठरलेलंच. निवेदन संपल्यावर तो पुढचा तासभर उघडा राहतो.

संच चालू करताना मिक्सर आधी आणि ॲम्प्लिफायर सर्वात शेवटी, बंद करताना ॲम्प्लिफायर सर्वात आधी. टेपची खूण मात्र त्याच मिक्सरपुरती आणि त्याच ॲम्प्लिफायरपुरती खरी आहे. भाड्यानं दुसरा मिक्सर आणला, तर त्याचं छत दहा व्होल्टांऐवजी पाच व्होल्टांवर असू शकतं, आणि मग त्याच खुणेवर ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीपर्यंत पोचायच्या आधीच मिक्सर फाटायला लागतो. अशा वेळी जुनी टेप काढून, स्पीकरच्या वायरी सोडवून, हजार हर्ट्झचा सूर पुन्हा लावायचा. गायिका यायच्या अर्धा तास आधी हे सहज उरकतं.